कोठी किती क्विंटलची, त्यावर विटा आणि गिलाव्याचा हिशेब

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या बोलण्याचा मजकूर. सभेला न आलेल्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)



आपल्यातल्या एका गटाला धान्य ठेवायला विटांची पक्की कोठी बांधायची आहे. खळं झालं की भाव पडलेला असतो, तेव्हा २० क्विंटल ज्वारी राखून ठेवायची आणि पुढे घरच्यांना, गटातल्यांना द्यायची, असा त्यांचा विचार आहे. त्यांनी दोन गवंड्यांना विचारलं. एक म्हणाला १७०० विटा लागतील, दुसरा म्हणाला ८२५ मध्ये भागेल. आता बायकांनी कोणाचं खरं मानायचं? कर्ज गटाच्या नावावर निघणार. ८२५ विटा आणल्या आणि काम अर्ध्यावर थांबलं तर पुन्हा गाडीभाडं पडतं. १७०० आणल्या आणि उरल्या तर पैसे अंगणात पडून राहतात. म्हणून आज हा हिशेब आपण आपल्या हातानं करू. वही काढा आणि माझ्याबरोबर लिहीत चला.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. क्विंटल हे वजन आहे आणि कोठी ही जागा आहे. गवंड्याला "२० क्विंटलची कोठी बांध" म्हणून भागत नाही, कारण एक क्विंटल भात जेवढी जागा खातो तेवढी एक क्विंटल गहू खात नाही. भाताला तूस असतं, दाण्यादाण्यात पोकळी राहते. म्हणून आधी आपलं धान्य किती जागा घेतं ते काढायचं. त्यासाठी पुस्तक लागत नाही, बादली आणि काटा लागतो.

एक बादली घ्या. लिटरच्या बाटलीनं मोजून तिच्यात १० लिटर पाणी ओता आणि पाणी जिथवर आलं तिथे खूण करा. पाणी ओतून बादली कोरडी पुसा. आता त्याच खुणेपर्यंत आपली वाळवलेली, उफणलेली ज्वारी भरा. हातानं दाबू नका, फक्त वरून सपाट करा. मग वजन करा आणि रिकाम्या बादलीचं वजन त्यातून वजा करा. या गटाची ज्वारी भरली ७ किलो ४०० ग्रॅम. दोन-तीन पोत्यांतली ज्वारी अशी मोजून सरासरी घेतलीत तर जास्त बरं. कचरा असलेली ज्वारी हलकी भरते, म्हणून जशी साठवणार तशीच मोजायची.

गवंडी फुटात बोलतो, म्हणून लिटरचे घनफूट करू. एक घनफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी जागा. तिच्यात २८.३ लिटर मावतात. १० लिटरला ७.४ किलो, तर २८.३ लिटरला २१ किलो. म्हणजे आपली ज्वारी घनफुटाला २१ किलो बसते. गहू साधारण २२ किलो बसतो, आणि भात सोळाच्या आसपास. तुमच्या धान्याचा आकडा तुमच्या बादलीतून काढा, माझा आकडा उचलू नका.

२० क्विंटल म्हणजे २००० किलो. त्याला २१ नं भागलं की ९५ घनफूट येतात. पण कोठी काठोकाठ भरता येत नाही. वरून ओतलेलं धान्य ढिगासारखं राहतं, कोपरे रिकामे राहतात, आणि तळाला तोंडाकडे उतार दिला की तिथलीही थोडी जागा जाते. म्हणून दहावा हिस्सा जास्तीचा धरा. ९५ मध्ये साडेनऊ मिळवले की झाले १०५ घनफूट.

आता उंची ठरवा. आतून ५ फूट पुरे. त्याच्यापेक्षा खोल केली तर वाकून तळ झाडता येत नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे. धान्य भिंतीला बाहेर ढकलतं. जितकं खोल तितका तळाशी ढकलण्याचा जोर जास्त. १०५ ला ५ नं भागलं की तळ २१ चौरस फूट लागतो. ५ फूट लांब आणि ४ फूट ३ इंच रुंद घेतलं तर सव्वाएकवीस होतात. झालं, आपली कोठी ठरली. गिलावा होऊन आतून ५ फूट, ४ फूट ३ इंच, आणि उंची ५ फूट.

इथे एक बारीक गोष्ट सुटते. आतून अर्धा इंच गिलावा येणार, दोन्ही बाजूंनी मिळून एक इंच. म्हणून वीट रचताना आतलं माप एक इंच वाढवून द्यायचं, म्हणजे ५ फूट १ इंच आणि ४ फूट ४ इंच. गवंड्याला हे आधीच सांगा, "मिस्त्री, हे माप गिलाव्याआधीचं आहे." नाहीतर गिलावा झाल्यावर जागा कमी भरते.

भिंत किती जाड? चौकोनी कोठीला ९ इंची. साडेचार इंची भिंतीत विटा निम्म्या लागतात म्हणून मोह होतो, पण पाच फूट लांब सपाट भिंतीवर धान्याचा दाब आला की ती मधोमध पोट काढते आणि कोपऱ्यात उभी चीर पडते. ९ इंची भिंतीतही खालच्या अर्ध्या भागात तीन ठिकाणी, थरांच्या मधल्या मसाल्यात, ६ मिलिमीटरच्या दोन-दोन सळया चारी भिंतींना फिरवून घ्या. सळई कोपऱ्यात वळवून पुढच्या भिंतीत न्यायची, तोडायची नाही. या सगळ्याला १० किलो सळई पुरते. भिंत पाच फुटांपेक्षा लांब किंवा कोठी याहून खोल करायची असेल तर माझा हिशेब तिथे थांबतो. पंचायत समितीच्या बांधकाम अभियंत्याला कागद दाखवून घ्या.

आता विटा. बाजारातली वीट मोजून बघा, गावोगावी भट्टीप्रमाणे माप बदलतं. या गटानं आणलेली वीट ९ इंच लांब, ४ इंच रुंद, ३ इंच जाड होती. सांध्यात अर्धा इंच मसाला बसतो. म्हणजे समोरून बघितलं तर एक वीट साडेनऊ इंच लांब आणि साडेतीन इंच उंच जागा झाकते. त्यांचा गुणाकार सव्वातेहतीस. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच असतात, ते सव्वातेहतीसनं भागले की ४.३३ विटा. ९ इंची भिंतीत जाडीला दोन विटा, म्हणून दुप्पट केलं की एका चौरस फूट भिंतीला ८.७ विटा. गवंडी मधूनमधून वीट आडवी घालतो, तिनं हा आकडा फारसा बदलत नाही.

भिंतीची लांबी मोजताना सगळेजण चुकतात ती जागा म्हणजे कोपरे. आतून मोजलं तर चारही कोपऱ्यांच्या विटा हिशेबातून सुटतात. बाहेरून मोजलं तर त्या दोनदा मोजल्या जातात. म्हणून भिंतीच्या मधोमध दोरी फिरवली आहे असं समजा. आतल्या मापात भिंतीची एक जाडी, म्हणजे ९ इंच मिळवायचे. ५ फूट १ इंचाचे होतात ५ फूट १० इंच. ४ फूट ४ इंचाचे होतात ५ फूट १ इंच. बेरीज १० फूट ११ इंच, तिची दुप्पट २१ फूट १० इंच. आपण २२ फूट धरू.

२२ फूट लांब आणि ५ फूट उंच, म्हणजे ११० चौरस फूट भिंत. तिला ८.७ नं गुणलं की ९५७ विटा.

पण कोठी जमिनीवर टेकवायची नाही. खाली दीड फूट जोतं हवं. ते ओल अडवतं, उंदीर दूर ठेवतं, आणि तोंडाखाली टोपलं लावायला जागा देतं. जोत्याच्या चार भिंती त्याच २२ फुटांच्या, उंची दीड फूट, म्हणजे ३३ चौरस फूट, म्हणजे २८७ विटा. आत मुरूम भरून ठोकायचा. ९५७ आणि २८७ मिळून १२४४. शंभरात पाच फुटतात, अर्ध्या कराव्या लागतात, तेवढ्या जास्तीच्या धरल्या की १३०० विटा.

आता त्या दोन गवंड्यांकडे वळू. ८२५ सांगणाऱ्यानं आतून मोजलं होतं, कोपरे सोडले होते आणि जोतं धरलंच नव्हतं. आतला घेर १९ फूट, उंची ५, गुणिले ८.७, जवळपास ८२५ येतात. १७०० सांगणारा खोटं बोलत नव्हता. त्यानं जोतं भरीव विटांचं धरलं होतं. जोत्याचं बाहेरचं माप ६ फूट ७ इंच बाय ५ फूट १० इंच, दीड फूट भरीव बांधलं तर एकट्या जोत्याला ६६५ विटा. काम मजबूत होईल, पण आत चांगला ठोकलेला मुरूम तेच काम करतो. म्हणजे वाद माणसांचा नव्हता, कोणी काय धरलं याचा होता. गवंड्याला नुसता आकडा विचारू नका. "लांबी कुठून धरली? जोतं किती? आत भराव काय?" हे तीन प्रश्न विचारा.

इथेच आणखी एक हिशेब सांगते. याच पद्धतीनं १० क्विंटलची कोठी काढली तर आतून सव्वातीन फूट बाय सव्वातीन फूट येते आणि जोत्यासह विटा लागतात साधारण ९६५. म्हणजे साठा निम्मा झाला पण विटा निम्म्या झाल्या नाहीत. १० क्विंटलला क्विंटलमागे ९७ विटा, २० क्विंटलला क्विंटलमागे ६५. शेजारच्या दोघींनी वेगवेगळ्या दोन बांधण्याऐवजी एक मिळून बांधली तर सहाशेवर विटा वाचतात. हे गटात बसून बोलायसारखं आहे.

आता बांधकामाचा मसाला. एकटी वीट १०८ घन इंच, मसाल्यासकट ती दीडशे घन इंच जागा घेते. म्हणजे भिंतीचा पावपेक्षा थोडा जास्त, शंभरात २८ भाग, मसालाच असतो. आपलं सगळं बांधकाम १०७ घनफूट, त्यात मसाला ३० घनफूट. पण सिमेंट आणि वाळू कोरडी मोजली की पाणी घातल्यावर बसते, म्हणून कोरडा माल सव्वापटीहून थोडा जास्त घ्यायचा. ३० ला १.३ नं गुणलं की ३९ घनफूट. एका भागाला पाच वाळू असा मसाला धरला, म्हणजे एकूण सहा भाग, एक भाग साडेसहा घनफुटाचा. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीत सव्वा घनफूट माल असतो. साडेसहाला सव्वानं भागलं की सव्वापाच गोण्यांच्या आत येतं. वाळू साडेबत्तीस घनफूट.

गिलाव्याला आधी क्षेत्रफळ काढू. आतल्या चार भिंती ९३ चौरस फूट. आतला तळ २१. बाहेरची बाजू जोत्याच्या तळापासून स्लॅबच्या वरपर्यंत ७ फूट, घेर २५ फूट, म्हणजे १७५. स्लॅबची वरची बाजू ३८. सगळं मिळून ३२७ चौरस फूट.

१०० चौरस फुटांवर अर्धा इंच थर म्हणजे सव्वाचार घनफूट ओला मसाला. विटांचे खड्डे भरायला थोडा जास्त, पाच धरा. कोरडा करायला १.३ नं गुणा, साडेसहा. एकास चार मसाल्यात पाच भाग, एक भाग १.३ घनफूट, म्हणजे साधारण एक गोणी. म्हणून ध्यानात ठेवायला सोपं आहे. १०० चौरस फूट गिलाव्याला एक गोणी सिमेंट आणि सव्वापाच घनफूट वाळू. आपल्या ३२७ ला साडेतीन गोण्या आणि १७ घनफूट वाळू. आतून भिंती आणि तळ कोऱ्या सिमेंटनं घोटायचा, त्याला अर्धी गोणी. झाल्या चार गोण्या.

वहीत खाली असं उतरवून ठेवा.

२० क्विंटल ज्वारीची कोठी, फक्त वीटकाम आणि गिलावा:
विटा (९ × ४ × ३ इंच): १३००
सिमेंट: बांधकाम सव्वापाच, गिलावा आणि घोटाई ४, घेताना १० गोण्या
वाळू: साडेबत्तीस आणि १७, म्हणजे ५० घनफूट, अर्धा ब्रास
६ मिलिमीटर सळई: १० किलो

जोत्यावरचा कोबा, वरचा स्लॅब, त्यातलं झाकण आणि धान्य काढायचं खालचं तोंड यांचा माल यात नाही, तो वेगळा मांडा. पायाही यात नाही. बघा, २० क्विंटल म्हणजे दोन टन धान्य, आणि विटांचंच वजन चार टनांच्या जवळ जातं. मसाला, मुरूम, स्लॅब धरून सगळं ओझं आठ टनांच्या वर जातं. पक्का मुरूम किंवा मजबूत फरशी असेल तर ठीक. काळी जमीन असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची कोठी तडकते. तिथे मुरूम लागेपर्यंत खणून पाया घ्यावा लागतो आणि विटा वाढतात.

गिलाव्याबद्दल दोन गोष्टी नीट ऐका, कारण धान्य राहतं की जातं ते इथे ठरतं.

पहिली जाडीची. भिंत ओळंब्यात नसेल तर गवंडी ती गिलाव्यानं सरळ करतो आणि अर्ध्या इंचाचा थर एक इंचाचा होतो. तिथे सिमेंट दुप्पट जातं हे दिसतं, पण जागाही जाते हे दिसत नाही. आतून चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त बसला तर जवळजवळ चार घनफूट जागा कमी होते, म्हणजे ८० किलो ज्वारी. म्हणून भिंत रचत असतानाच ओळंबा लावून बघा. गिलावा झाल्यावर बोलून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ओलीची. जोत्यावर कोबा झाला की त्यावर जाड प्लास्टिक, ७०० गेजचं, अखंड अंथरायचं आणि ते भिंतींच्या खालपर्यंत न्यायचं. मग त्यावर भिंत सुरू करायची. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, तिला अडवणारं एवढंच आहे. कोठी घराच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, हातभर जागा सोडा. पावसाची ओल तिकडून येते, आणि मागून झाडायलाही जागा हवी.

आतल्या कोपऱ्यांना काटकोन ठेवू नका, गिलाव्यातच गोलाई द्यायला सांगा. काटकोनात दाणा अडकतो आणि तिथेच सोंडे वाढतात. गिलावा वाळला की नाण्यानं सगळीकडे टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे गिलावा विटेला धरलेला नाही. तो पापुद्रा आज ना उद्या सुटणार आणि त्याच्या मागे किडीला घर मिळणार. तेवढा भाग काढून पुन्हा करून घ्या. बहुतेक वेळा कारण एकच असतं, विटा न भिजवता लावलेल्या असतात किंवा भिंत कोरडी असताना गिलावा केलेला असतो. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते.

बांधकामावर आणि गिलाव्यावर सात ते दहा दिवस पाणी मारायचं. आणि मग लगेच धान्य भरायचं नाही. हेच पाणी भिंतीत मुरलेलं असतं. झाकण आणि तोंड उघडं ठेवून महिनाभर वाळू द्या. वाळली का ते असं बघा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा आतल्या भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. तळालाही असंच करून बघा. दोन्हीकडे कोरडं निघालं तरच धान्य ओता. आणि ओततानाची ज्वारीही दाताखाली कट्‌कन मोडणारी हवी. ओल्या धान्याला कोरडी कोठी वाचवू शकत नाही.

शेवटी एक सूचना. ही कोठी ज्वारीच्या मापानं बांधलेली आहे. पुढच्या वर्षी कोणी त्यात भात भरायचं म्हणालं तर त्यात सव्वापंधरा क्विंटलच बसेल, गहू मात्र २१ क्विंटलपर्यंत बसेल. म्हणून कोठीच्या दारावर "२० क्विंटल" एवढंच लिहू नका. "९५ घनफूट धान्य, ज्वारी २० क्विंटल" असं रंगानं लिहा. म्हणजे पुढे जी कोणी हिशेब ठेवेल तिला बादली घेऊन स्वतःचा आकडा काढता येईल.

पुढच्या सभेला येताना ज्यांना कोठी बांधायची आहे त्यांनी दोन आकडे आणा. १० लिटर आपलं धान्य किती किलो भरतं तो, आणि आपल्या भट्टीच्या विटेचं लांबी-रुंदी-जाडीचं माप. बाकीचा हिशेब आपण इथे फळ्यावर मांडू.